आम्ही येतो तेव्हा ‘समजा’ संपलेलं असतं

सत्र संपताना आमच्या कॉलेजात एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडतात. जर्नलवर सह्या होतात, इंटर्नलचे मार्क भरले जातात आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फीडबॅक फॉर्मची लिंक येते. मुलं जर्नल घेऊन माझ्या टेबलासमोर रांगेत उभी असतात आणि त्यांच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर माझ्याविषयीचे प्रश्न उघडलेले असतात. सही होईपर्यंत अंगठा थांबतो, सही झाली की हलतो. फॉर्म निनावी असतो, पण त्या रांगेत उभं राहून तो निनावी वाटत असेल का, हा प्रश्न मला पडायला बरीच वर्षं लागली. वेळापत्रक ठरवणाऱ्यांना तो अजून पडलेला नाही.

पंधरा दिवसांनी आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून, बंद पाकीट येतं. आत एक पानी तक्ता, प्रत्येक प्रश्नापुढे सरासरी आणि मागच्या वर्षीपेक्षा वर किंवा खाली गेल्याचा छोटा बाण. ज्या वर्षाबद्दल सांगतोय, त्या वर्षी ‘शिकवण्याची गती योग्य होती’ या विधानापुढे ३.१६ लिहिलं होतं. पाचपैकी. मागच्या वर्षी ३.३१ होतं, म्हणून बाण खाली आणि तोही लाल. स्टाफरूममध्ये पाकिटं उघडली की चहा जरा गार होतो. कुणी आपला आकडा सांगत नाही, पण ४.४ वाल्याचा चेहरा लपत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवतो. बारावीतून आलेल्या मुलाने ‘सहमत’, ‘असहमत’ अशा उत्तरांची बेरीज करून भागाकार केला, तर मी त्याला विचारतो की ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढंच ‘असहमत’ आणि ‘तटस्थ’ यांच्यात आहे हे तुला कुणी सांगितलं? ही क्रमवारी आहे, मोजमाप नव्हे. आणि तरीही स्वतःचा आकडा हातात आल्यावर मी दोन रात्री त्या लाल बाणाकडे बघत होतो. गती कमी केली तर अभ्यासक्रम पुरा कसा होणार, असं बायकोला ऐकवत होतो. तिने शांतपणे विचारलं, “कोण म्हणालं कमी कर?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. एक भागाकार म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मूळ उत्तरांची फाइल मागितली. क्लार्कबाईंना आश्चर्य वाटलं. आजवर कुणी मागितली नव्हती म्हणे. वर्गात ६५ मुलं होती, ४४ जणांनी फॉर्म भरला होता. गतीच्या प्रश्नावर १२ जणांनी ५ दिले होते, ११ जणांनी ४, फक्त तिघांनी ३, आठ जणांनी २ आणि दहा जणांनी १. बेरीज १३९, भागिले ४४, आले ३.१६. हिशोब बरोबर होता. पण ३.१६ म्हणणारा, ‘ठीकठाक आहे बुवा’ म्हणणारा विद्यार्थी वर्गात जवळजवळ नव्हताच. २३ जणांना गती छान वाटत होती आणि १८ जणांना ती जमत नव्हती. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवलेल्या माणसाला तुझं तापमान सरासरी बरं आहे म्हणण्यातला हा प्रकार.

गती सरसकट कमी केली असती तर २३ जणांना जांभया आल्या असत्या आणि १८ जणांचं नेमकं कशाने अडतंय ते मला कळलंच नसतं. म्हणून तेव्हापासून सरासरीचा रकाना मी कागदाने झाकतो आणि प्रत्येक उत्तराला किती हात वर झाले एवढंच बघतो. पाच रकान्यांची ही लहानशी वारंवारता पाच मिनिटांत तयार होते, आणि डोंगर एक आहे की दोन हे लगेच दिसतं. एकच डोंगर असेल आणि तो डावीकडे सरकलेला असेल, तर दोष बहुधा सगळ्यांना सारखाच भोवतोय. दोन डोंगर असतील तर एकाच खोलीत दोन वर्ग बसलेत आणि त्यांना वेगळं करणारी काहीतरी गोष्ट आहे. ती शोधायची.

लाल बाणाचंही तेव्हाच पाहून घेतलं. ३.३१ आणि ३.१६ यांच्यातला फरक केवढा? १ वर खूण करणाऱ्या दहापैकी चौघांनी ३ वर खूण केली असती, तर सरासरी ३.३४ झाली असती आणि बाण हिरवा होऊन वर गेला असता. चार मुलं. त्या दिवशी कॅन्टीनची मिसळ कशी होती यावरही चार मुलं फिरू शकतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फॉर्म न भरलेली २१ मुलं. ती सगळी माझ्यावर वैतागलेली असती आणि त्यांनी १ दिला असता, तर पूर्ण वर्गाची सरासरी २.४६ झाली असती. सगळी खूश असती तर ३.७५. म्हणजे माझ्या वर्गाचं खरं मत २.४६ ते ३.७५ यांच्यात कुठेही असू शकत होतं, आणि बाण दाखवत होता ०.१५ ची हालचाल. शिवाय जे फॉर्म भरत नाहीत ते बहुधा जे वर्गात येत नाहीत तेच. ते का येत नाहीत हे त्या कागदावर कधीच उमटत नाही.

इथे शिक्षकाला सोयीचा एक निष्कर्ष समोर येतो: हे सगळं निरर्थक आहे, टाका टोपलीत. स्टाफरूममध्ये तो मोठ्या आवाजात मांडला जातो आणि त्याला पुरावेही मिळतात. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक सोडतीसारखे वाटून दिले जातात आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या नोंदींवरून २०१० मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या कॅल्क्युलसमध्ये ज्या शिक्षकांची मुलं त्या परीक्षेत चमकली आणि ज्यांना मुलांनी चांगले शेरेही दिले, त्यांचीच मुलं पुढच्या गणिताच्या अभ्यासक्रमांत मागे पडण्याकडे कल होता. अनुभवी शिक्षकांचं उलट. म्हणजे मुलांची पसंती आणि पुढे टिकणारं शिक्षण या दोन गोष्टी हातात हात घालून चालतीलच असं नाही.

मला हा पुरावा मान्य आहे, टोपली मान्य नाही. मुलं न्यायाधीश म्हणून कच्ची असतील, पण साक्षीदार म्हणून पक्की असतात. ‘शिक्षकांचं विषयज्ञान कसं आहे’ या प्रश्नाला एकोणीस वर्षांचं पोर काय उत्तर देणार? माझ्या फॉर्मवर त्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी ४ आणि ५ दिले होते. कारण मी फळ्यावर न अडखळता लिहितो. मी न अडखळता चूकही लिहू शकतो. तो आकडा मी वाचतही नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समाधान सर्वेक्षणातला पहिला प्रश्न त्या मानाने शहाणा आहे. वर्गात अभ्यासक्रम किती शिकवून झाला, असं तो विचारतो आणि ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४ टक्के असे पर्याय देतो. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. फळा दिसतो का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो का, तपासलेली चाचणी किती दिवसांनी हातात पडली, शंका विचारल्यावर काय झालं, या सगळ्याची साक्ष मुलंच देऊ शकतात.

अर्थात साक्षही माणूस बघून बदलते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात एक शिक्षक आणि एक शिक्षिका यांनी आपापल्या एका गटाला स्वतःच्या नावाने आणि एका गटाला एकमेकांच्या नावाने शिकवलं. मुलांना कुणाचा चेहरा दिसत नव्हता. गृहपाठ सगळ्यांना सारख्याच वेळात तपासून मिळाला. तरी ‘तत्परता’ या प्रश्नावर पुरुषाचं नाव असलेल्याला ४.३५ आणि स्त्रीचं नाव असलेल्याला ३.५५ मिळाले. मुलं फक्त ४३ होती, त्यामुळे संख्याशास्त्राचा मास्तर म्हणून मी त्या आकड्यांना फार ताणणार नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचं पाकीट मी पाहिलेलं आहे. त्यात ‘फार कडक आहेत’ आणि ‘चिडक्या आहेत’ असं असतं. मी त्यांच्या दुप्पट चिडतो, माझ्या फॉर्मवर ‘शिस्तप्रिय’ येतं. एकदा त्यांच्या साडीबद्दल कुणीतरी लिहिलं होतं आणि आयक्यूएसीने ते तसंच्या तसं छापून पाकिटात घातलं होतं. असली वाक्यं शिक्षकापर्यंत पोहोचण्याआधी विभागप्रमुखाने काढून टाकायला हवीत. दोन शिक्षकांचे आकडे शेजारी ठेवून क्रमवारी लावणं तर त्याहून आधी बंद व्हायला हवं.

माझ्या १८ मुलांकडे परत येतो.

फॉर्मच्या शेवटी ‘इतर सूचना’ अशी मोकळी जागा असते. २७ जणांनी तिथे काही ना काही लिहिलं होतं. त्यातली ११ उत्तरं ‘गुड’, ‘नथिंग’, ‘नो’ आणि एक नुसता अंगठा. उरली १६. ती मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवली आणि चार दिवस ड्रॉवरमध्ये ठेवली, कारण पहिल्या वाचनात मला एकच चिठ्ठी दिसत होती: ‘सर स्वतःशीच बोलतात.’ बाकीच्या पंधरा जणू कोऱ्या होत्या. हे प्रत्येक शिक्षकाचं होतं. एक टोचणारं वाक्य मनात घर करतं आणि आपण पुढचं वर्षभर त्या एका मुलाला उत्तर देत शिकवतो.

चार दिवसांनी ढीग केले. सात चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या होत्या: ‘फास्ट’, ‘लिहून होत नाही’, ‘मागे पडतो’. दोन त्याच्या नेमक्या उलट, ‘जरा स्लो’. तेव्हा लक्षात आलं, की ‘गती योग्य होती’ याला ‘असहमत’ म्हणणारा फार जलद म्हणतोय की फार हळू, हे त्या प्रश्नातून कळूच शकत नाही. प्रश्नच दोन तोंडांचा. तीन जणांना नोट्स आणि इम्पॉर्टन्ट प्रश्न हवे होते. एक पंख्याची तक्रार, एकाला हजेरीवरचं भाषण नको होतं, एकाला उदाहरणं आवडली होती आणि एक ती स्वतःशी बोलण्याची. ती मी तपासली. शेजारच्या विभागातल्या मित्राला शेवटच्या बाकावर बसवलं. तो म्हणाला, “बोलतोस बरोबर, पण फळ्याशी बोलतोस.” हे ताबडतोब सुधारण्यासारखं होतं, सुधारलं.

सात ‘फास्ट’ चिठ्ठ्यांवरून मात्र पुढे काही सुचेना. मी फास्ट बोलत नाही. मग फास्ट काय आहे? निनावी फॉर्म लक्षण सांगतो, दुखतं कुठे ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा विचारावं लागतं. सुदैवाने पुढच्या सत्रात तोच वर्ग मलाच होता. पहिल्याच शनिवारी मी अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: ‘लेक्चर चालू असताना तुमची वही लिहायची कधी थांबते?’ पाच मिनिटं मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहिलो. मॉनिटरने चिठ्ठ्या गोळा केल्या.

५१ चिठ्ठ्या आल्या. नऊ जणांनी लिहिलं होतं की सर मधली पायरी गाळतात आणि ‘हे उघडच आहे’ म्हणतात. हे मला ओळखता आलं. द्विपद वितरणावरून पॉयसाँ वितरणाकडे जाताना एक मर्यादा काढावी लागते, ती अकरावी-बारावीत झालेली असते असं मी धरून चालतो आणि उडी मारतो. अकरावी-बारावीत ती झालेली असते, हेही खरं. पण झालेली असणं आणि सकाळी सात वाजता आठवणं यात फरक आहे.

मला चकित केलं ते दुसऱ्या ढिगाने. १९ जणांची वही थांबत होती सुरुवातीला. ‘आल्या आल्या’, ‘पहिल्यापासूनच’, ‘सुरुवातीचं मिळत नाही’. सुरुवातीला कशी थांबेल? सुरुवातीला तर मी सगळ्यात सोपं बोलतो. सोमवारी वर्गात मी ते तसंच विचारलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, आम्ही येतो तेव्हा ‘समजा’ संपलेलं असतं.”

वर्ग हसला. मला कळायला थोडा वेळ लागला. माझं लेक्चर सकाळी ७:२० चं. खेड्यांवरून येणारी पहिली एसटी वेळेवर असली तर ७:२५ ला स्टँडवर लागते, तिथून चालत दहा मिनिटं. म्हणजे वीस-एक मुलं रोज ७:३५ ला दारात. मी त्यांच्याकडे न बघता मानेनेच आत या म्हणतो, मूड नसेल तर हजेरीवर बोलतो. आणि या पंधरा मिनिटांत मी काय करत असतो? ‘समजा, पतपेढीत एका तासात सरासरी लॅम्डा ग्राहक येतात. समजा, तासाचे एन लहान तुकडे केले. समजा, प्रत्येक तुकड्यात एक ग्राहक येण्याची शक्यता पी आहे.’ लॅम्डा म्हणजे काय, एन म्हणजे काय, पी कुठून आला, गणिताचं सगळं घर मी या वेळात बांधतो. नंतर तासभर त्या घरात वावरतो. जो भिंती बांधून झाल्यावर आला त्याला फळ्यावर फक्त अक्षरं पळताना दिसतात, आणि फॉर्मवर तो लिहितो: फास्ट.

वर्षानुवर्षं मी त्या मुलांना आळशी समजत होतो. ती घरून साडेपाचला निघत होती.

उपाय काही थोर नव्हते. पहिली पंधरा मिनिटं नव्या विषयाला हात लावायचा नाही, कालचं एक गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यायचं. ‘समजा’ ७:३५ नंतर. आणि फळ्याचा डावा कोपरा खडूने चौकट करून वेगळा ठेवायचा. त्यात त्या दिवशीची सगळी अक्षरं आणि त्यांचे अर्थ मराठीत, तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. गाळलेली पायरी लिहायला तीन मिनिटं जास्त लागतात, तीही दिली.

मग आणखी एक केलं, जे आधी कधी केलं नव्हतं. वर्गाला सांगितलं की तुमचं मी हे वाचलं, हे बदलतोय आणि हे बदलणार नाही. नोट्स आणि इम्पॉर्टन्ट प्रश्न मिळणार नाहीत. वर्गात गणित तुम्हीच सोडवायचं, मी सोडवून दाखवलं की समजल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात २०१९ च्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं. ज्या मुलांनी स्वतः झटून प्रश्न सोडवले ती चाचणीत पुढे होती, पण आपण जास्त शिकलो असं वाटत होतं नुसतं सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना. हे मुलांना सांगितल्यावर सगळी पटली असं नाही. मागच्या बाकावरून “म्हणजे इम्पॉर्टन्ट नाहीच का सर?” असं आलंच. पण मागणी वाचून नाकारली आणि वाचलीच नाही, यातला फरक त्यांना कळला असावा. त्या सत्राअखेर ‘गुड’ आणि अंगठे कमी झाले, वाक्यं वाढली.

आयक्यूएसीला मात्र कार्यवाही अहवाल हवा असतो. त्याच्या रकान्यात ‘समजा ७:३५ नंतर’ असं लिहिता येत नाही. तिथे माझ्या नावापुढे छापून गेलं: ‘संबंधित शिक्षकास गतीबाबत सूचना देण्यात आल्या.’ कुणी दिल्या, देव जाणे.

पुढच्या वर्षी नव्या बॅचचं पाकीट आलं. ५८ पैकी ४७ जणांनी फॉर्म भरला होता. गतीच्या प्रश्नावर सरासरी ३.३६. बाण हिरवा, पण इतका बारीक की प्राचार्यांनी अभिनंदनही केलं नाही. मी कागदाने रकाना झाकला आणि हात मोजले. आठ जणांचे ५, १७ जणांचे ४, दहा जणांचे ३, आठ जणांचे २ आणि चौघांचे १. दोन डोंगर मोडून एक झाला होता. १ देणारे दहावरून चारवर आले होते. मात्र ५ देणारेही बारावरून आठवर आले होते. वेळेवर येणाऱ्यांना ती कालच्या गणिताची पंधरा मिनिटं रटाळ वाटत असणार. तो खर्च मला दिसत होता आणि तो मी जाणून केला होता. शिवाय ही बॅच वेगळी, मुलं वेगळी. फरक माझ्यामुळे पडला असं छातीठोकपणे म्हणायला माझ्याच विषयाची आडकाठी आहे. माझा जास्त विश्वास बसला तो दुसऱ्याच गोष्टीवर. पॉयसाँच्या प्रश्नावर इंटर्नलला कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका त्या वर्षी कमी होत्या.

यंदा पाचव्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या वाटल्या. सत्राच्या शेवटी विचारलं की उपयोग पुढच्या मुलांना होतो, पाचव्या आठवड्यात विचारलं की याच मुलांना. ‘वही कधी थांबते’ याला १४ जणांनी उत्तर दिलं: ‘सुरुवातीला.’ मी वैतागलो. सुरुवातीला तर आता थांबण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. वर्गात विचारलं, तर एक मुलगा म्हणाला, “थांबते म्हणजे सर, लिहायला काही नसतंच. कालचंच गणित.”

“पण ती एसटीची मुलं येईपर्यंत...”

“सर, जूनपासून एसटी सात वाजताच येते. आम्ही तुमच्या आधी वर्गात असतो.”